गाळा विकला म्हणून नफा वाढला

*"मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. माझ्या धाकट्या भावाचा सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. मी वीस लाख घालून भागीदार व्हावं, असं तो म्हणतो. दोन वर्षांचे हिशोब त्याने दिलेत. निव्वळ नफा 15 लाखांवरून 20 लाख झालाय, हे मला दिसतं. पण त्याच कागदांवर ग्रॉस प्रॉफिट म्हणून निराळाच आकडा आहे, आणि तो 20 टक्क्यांवरून 17 वर आलाय. भावाला विचारलं तर म्हणाला, 'ताई, धंद्यात वीस टक्के सुटतात, तू काळजी करू नको.' मग कोणता आकडा खरा? झेरॉक्स सोबत पाठवत आहे."*

— एक वाचक, सोलापूर

ताई, झेरॉक्स पाठवलीत हे बरं केलंत, नाहीतर मला हवेत बोलावं लागलं असतं. कागदावरचे दोन्ही आकडे खरे आहेत, आणि भावाचे 'वीस टक्के'सुद्धा खोटे नाहीत. आधी तेवढं मिटवून टाकू. कागदावरचे 17 टक्के विक्रीवर काढलेले आहेत, 300 लाखांच्या विक्रीत 51 लाख. भाऊ बाजारातल्या सगळ्यांसारखाच खर्चावर मोजतो, 249 लाख घातले आणि वर 51 लाख सुटले, म्हणजे साडेवीस टक्के. मात्र त्याच्याच पद्धतीने आदल्या वर्षी मोजलं तर 192 लाखांवर 48 लाख, म्हणजे 25 टक्के येतात. कुठल्याही मापाने मोजा, घसरण आहेच. ती त्याने सांगितली नाही, की त्याच्या ध्यानातच आली नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

तुमच्या कागदांतलं कामापुरतं इथे उतरवून घेतो. आकडे लाखांत, आधी 2023-24 चा आणि मग 2024-25 चा.

विक्री: 240, 300
वापरलेला माल, मुख्यतः सूत: 136, 179
मजुरी, वीज, डाईंग: 56, 70
ढोबळ नफा: 48, 51
ऑफिस, भाडी, दलाली, दुरुस्ती वगैरे: 18, 24
घसारा, म्हणजे यंत्रांची झीज: 6, 6
बँकेचं व्याज: 9, 11
गाळा विकून झालेला नफा: 0, 10
निव्वळ नफा: 15, 20

हा कागद वरून खाली वाचायचा असतो. आपण सगळे खालून वाचतो, कारण शेवटच्या ओळीत गोड बातमी असते.

विक्रीतून माल, मजुरी, वीज, रंगाई गेली की जे राहतं तो ढोबळ नफा, ज्याला तुमच्या कागदावर ग्रॉस म्हटलंय. टॉवेल विणून विकण्यात मुळात काही उरतं का, एवढंच तो सांगतो. त्यातून ऑफिसचा पगार, दलाली, दुरुस्ती, घसारा असा कारखाना चालता ठेवण्याचा खर्च काढला की ऑपरेटिंग नफा येतो. ती ओळ तुमच्या कागदावर छापलेली नाही. सोलापुरात छोट्या धंद्यांचे हिशोब लिहिणारे सहसा ती छापत नाहीत, त्यामुळे ती आपणच काढायची. पहिल्या वर्षी 48 मधून 18 आणि 6 गेले, राहिले 24, विक्रीच्या 10 टक्के. दुसऱ्या वर्षी 51 मधून 24 आणि 6 गेले, राहिले 21, म्हणजे 7 टक्के. विक्री 60 लाखांनी वाढली आणि धंद्याची कमाई 3 लाखांनी कमी झाली! ही ओळ छापलेली असती तर तुम्ही मला पत्रच लिहिलं नसतं. भाऊ कदाचित घसारा न धरता 27 लाख म्हणेल. म्हणू द्या, पण मग आदल्या वर्षीचेही 30 धरा.

शेवटच्या ओळीत मात्र नफा 5 लाखांनी वाढलाय. कारण 21 मधून व्याजाचे 11 गेले, राहिले 10, आणि त्यात गाळ्याचे 10 येऊन पडले. गाळा एकदाच विकता येतो. तो बाजूला ठेवला तर निव्वळ नफा 15 वरून 10 वर आलाय, आणि 6.25 टक्क्यांचं मार्जिन साडेतीनच्याही खाली गेलंय. निव्वळ आकड्यात व्याज, जुन्या मालमत्तेची विक्री, विम्याचे पैसे, सगळं एकाच पातेल्यात पडतं. मालकाकडे वर्षभरात काय राहिलं, हे तो सांगतो. धंदा कसा चाललाय हे त्याच्या एकट्यावरून ठरवू नका.

आता ग्रॉसमधले 3 टक्के गेले कुठे ते पाहू. खरी गोष्ट तिथेच आहे, आणि कागद ती बऱ्यापैकी सांगतोही.

मजुरी, वीज, डाईंग मिळून पहिल्या वर्षी 240 वर 56, म्हणजे 23.3 टक्के. दुसऱ्या वर्षी 300 वर 70, तेही 23.3. जसेच्या तसे. माल मात्र 56.7 टक्क्यांवरून 59.7 वर गेलाय. म्हणजे सगळी घसरण मालाच्या ओळीत आहे. आता विचार करा, भावाने एखादं मोठं गिऱ्हाईक धरून ठेवायला टॉवेलचा दर पाडला असता, तर काय दिसलं असतं? किलोमागे मजुरी तेवढीच पडते, दर उतरला की तीच मजुरी विक्रीच्या मानाने जास्त टक्के दिसते. इथे ती जागची हललेली नाही. तेव्हा दर पाडल्याचा संशय कमी, आणि सुताचा जास्त. मजुरीही त्याच प्रमाणात कापली असेल तर माझा हा तर्क कोसळतो. म्हणून कारागिरांचा पीस रेट बदलला का, हे एकदा विचारा.

किलोवर आणून बघू, म्हणजे डोळ्यांसमोर उभं राहील. समजा टॉवेल सरासरी 300 रुपये किलोने गेला. मग पहिल्या वर्षी 80 हजार किलो माल गेला आणि दुसऱ्या वर्षी 1 लाख किलो. किलोमागे सूत पहिल्यांदा 170 रुपयांचं लागलं, नंतर 179 चं. नऊ रुपये. 1 लाख किलोवर 9 लाख होतात, आणि तेच तुमचे गेलेले 3 टक्के. हे नऊ रुपये तीन वाटांनी जाऊ शकतात. सूत महाग झालं आणि टॉवेलचा दर वाढवता आला नाही. किंवा वाया जाणं वाढलं, म्हणजे सारखे तुटणारे धागे, रंग न बसलेला लॉट, सेकंड्समध्ये काढलेला माल. किंवा टॉवेलच वजनाला भारी जातोय. ही तिसरी वाट नगावर किंवा डझनावर माल विकणाऱ्यांनाच लागू. दर डझनाला ठरलेला आणि टॉवेलवरच्या फाशांचा पाईल दाट पडतोय, अशा कारखान्यात गिऱ्हाईक खूश असतं आणि मालकाला पत्ता नसतो. तपासायला हिशोबनीस लागत नाही. एकाच व्हरायटीची गेल्या मार्चची आणि आदल्या मार्चची विक्रीची बिलं मागा, तसंच सूत खरेदीची दोन बिलं. मग कारखान्यात जाऊन एक डझन टॉवेल काट्यावर ठेवा आणि बिलावरच्या वजनाशी ताडून बघा.

चौथी वाट नफ्याला उलट फुगवते, आणि तिच्यामुळेच मी या 17 टक्क्यांवरही डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही. ती म्हणजे अखेरचा साठा. तुमच्या कागदावर तो 32 लाखांवरून 50 लाखांवर गेलाय. खर्चाच्या हिशोबाने आधी साधारण 61 दिवसांचा माल पडून होता, आता 73 दिवसांचा. वापरलेला माल कसा निघतो ते आठवा: सुरुवातीचा साठा 32, त्यात खरेदी 197, वजा अखेरचा साठा 50, राहिले 179. अखेरचा साठा रुपयाने जास्त लिहिला की ढोबळ नफा रुपयाने वाढतो, आणि तो रुपया खाली निव्वळ नफ्यापर्यंत जसाच्या तसा उतरतो. समजा 50 मधले 6 लाख नुसते कागदावरचे निघाले. मग ढोबळ नफा 45 लाख, 15 टक्के, आणि ऑपरेटिंग 15 लाख, 5 टक्के.

तुमचा भाऊ असं करतो, असं मी म्हणत नाही. यात लबाडी लागतेच असंही नाही. मी सोलापूरच्या पूर्वभागातल्या एका कारखान्याची खाती लिहीत होतो. गोडाऊनच्या मागच्या भिंतीला मरून रंगाच्या टॉवेलांचे गठ्ठे होते, एका हॉटेलवाल्याने रंग सारखा नाही म्हणून परत केलेले. मालक 31 मार्चला यादी लिहायचे आणि तो लॉट दरवर्षी पूर्ण किमतीने धरायचे. मी तीन वर्षं यादी बघून आकडा उतरवला, उठून कधी गठ्ठा उघडला नाही. चौथ्या वर्षी एप्रिलच्या उन्हात, पत्र्याखाली घामाघूम होऊन उघडला, तर घडीच्या रेषेवर रंग उडून पट्टे पडलेले. शेवटी तो माल पुसायची फडकी म्हणून किलोवर गेला. त्या वर्षी ग्रॉस एकदम आपटला आणि मालक मला विचारत होते, यंदा असं काय झालं? यंदा काहीच झालं नव्हतं, झालं होतं तीन वर्षांपूर्वी. नियम साधा आहे, साठा खर्चाच्या किमतीने किंवा विकून जे येईल त्या किमतीने धरायचा, दोहोंत कमी असेल ती. माझ्यासमोर नियम होता, फक्त गठ्ठा उघडायचा आळस होता.

तुम्हाला गठ्ठे उघडायला जायची गरज नाही, तुमच्यापाशी सोपी किल्ली आहे. भावाला बँकेची कॅश क्रेडिट, म्हणजे मालसाठ्याच्या तारणावर मिळणारी उचल, असणार. त्यासाठी तो दर महिन्याला बँकेला स्टॉक स्टेटमेंट देतो. मार्चअखेरचं स्टेटमेंट मागा आणि हिशोबातल्या 50 लाखांशी ताडा. बँकेला जास्त आणि करासाठी कमी दाखवायची खोड अनेकांना असते, तेव्हा फरक दिसला की तो का, हे भावाच्या तोंडून ऐका.

आणखी एक सावधगिरी. कुणी सांगेल की शेजारच्या कारखान्याचा ग्रॉस 40 टक्के आहे आणि तुमच्या भावाचा 17. घाबरू नका. त्या शेजाऱ्याचा हिशोबनीस मजुरी, वीज, डाईंग खालच्या खर्चात टाकत असेल. टॅलीत एक लेजर 'डायरेक्ट' मधून 'इनडायरेक्ट' मध्ये हलवलं की झालं. तुमच्या भावाचे 70 लाख तसे खाली सरकवले तर त्याचाही ग्रॉस 121 लाख होतो, 40 टक्क्यांच्या वर. ऑपरेटिंग तेवढाच राहतो, 7 टक्के. म्हणून ग्रॉसची तुलना त्याच कारखान्याच्या आदल्या वर्षाशी करावी, आणि तीही वर्गवारी बदललेली नाही ना हे बघून. दोन कारखाने शेजारी ठेवायचे असतील तर ऑपरेटिंग बघा. लिमिटेड कंपन्यांच्या छापील नफा-तोटा पत्रकात तर ढोबळ नफ्याची ओळच नसते, कंपनी कायद्याच्या नमुन्यात ती मागितलेलीच नाही. तिथे माल, साठ्यातला बदल, कामगार, वित्तखर्च, घसारा अशा ओळी असतात, ग्रॉस ज्याचा त्याने काढायचा.

आता तुमच्या वीस लाखांकडे येतो. हे पैसे कुठल्या थराला लागणार, हा खरा प्रश्न आहे. ते बँकेचं कर्ज फेडायला गेले आणि व्याज समजा 10 टक्के असेल, तर वर्षाला 2 लाख वाचतील. फायदा फक्त निव्वळ नफ्याला होईल. ग्रॉस 17 चा 17 राहील आणि ऑपरेटिंग 7 चा 7. दुखणं सुताच्या ओळीत आहे आणि औषध व्याजाच्या ओळीत लावल्यासारखं होईल ते.

एका बाबतीत मात्र तुमचे पैसे थेट ग्रॉसला लागू शकतात. भाऊ सूत उधारीवर घेतो का, हे विचारा. व्यापारी उधारीचा दर रोखीपेक्षा चढा लावतो. ते खरं म्हणजे व्याजच, पण खात्यात सुताची किंमत म्हणून बसतं आणि ग्रॉस खातं. वर्षाची खरेदी 197 लाख, म्हणजे महिन्याला 16 लाखांच्या आसपास. उधारी तीस दिवसांची असेल तर तुमच्या वीस लाखांत सगळी खरेदी रोखीवर येऊ शकते. रोखीला समजा 2 टक्के सूट मिळाली तर वर्षाला जवळजवळ 4 लाख वाचतात, कर्ज फेडून वाचणाऱ्या व्याजाच्या दुप्पट. उधारी साठ दिवसांची असेल तर 33 लाख लागतील आणि तुमचे पैसे अर्ध्या वाटेवर संपतील. तेव्हा सुताची उधारी किती दिवसांची आणि रोखीचा दर किती, हे त्या व्यापाऱ्याकडूनच कळलं तर बरं.

आणि एक गोष्ट कागदात नाही, तुमच्या घरात आहे. आज कारखाना भावाच्या एकट्याच्या नावाने आहे. तो सकाळी सातपासून तिथे असतो, भावजय शिलाई आणि पॅकिंग बघते, असं तुम्हीच झेरॉक्ससोबतच्या चिठ्ठीत लिहिलंय. दोघांचाही पगार हिशोबात नाही. शेड भावाची स्वतःची, तिचंही भाडं नाही. एकल मालकीत हे चालतं, कारण उरेल ते त्याचंच. भागीदारी झाली की तो मोबदला मागेल, आणि ते रास्तच आहे. समजा भाऊ महिना 40 हजार, भावजय 15 हजार, शेडचं भाडं 20 हजार. वर्षाला 9 लाख झाले. ऑपरेटिंग 21 वरून 12 लाखांवर येतो, विक्रीच्या 4 टक्के. कारखान्याची खरी कमाई मी तरी तेवढीच धरेन.

तुमच्या पैशाने कर्ज कमी होऊन व्याज 9 लाखांवर आलं, तर राहिले 3 लाख. तुमच्या भांडवलावर 12 टक्के व्याज करारात लिहिलंत तर 2 लाख 40 हजार तुम्हाला. भागीदाराच्या भांडवलावर तेवढ्यापर्यंतचं व्याज फर्मला प्राप्तिकरात वजा मिळतं. मग उरतात 60 हजार, त्यावर फर्मचा 30 टक्के कर आणि 4 टक्के उपकर, म्हणजे एकूण 31.2 टक्के, आणि राहील ते तुम्हा दोघांत वाटून. भावाच्या स्वतःच्या भांडवलावरचं व्याज मी धरलंच नाही, ते धरलं तर तेवढंही उरत नाही. आजच्या कागदात कर दिसत नाही, कारण एकल मालक तो स्वतःच्या खिशातून भरतो. तुमच्या मनातले ते 20 लाख या गणितात कुठेच नाहीत.

12 टक्के मिळणार असतील तर वाईट काय, असं वाटेल. पण साध्या भागीदारीत फर्मच्या देण्याला भागीदाराची खासगी मालमत्ताही जबाबदार असते, तुमचं राहतं घरसुद्धा. बँकेची कॅश क्रेडिट त्या देण्यातच येते. भावाला मदत करायची असेल तर मी तुमच्या जागी सध्या भागीदार होणार नाही. ठरावीक मुदतीचं कर्ज म्हणून, लेखी, चेकने, सुताच्या रोख खरेदीपुरते दहा लाख देईन आणि सहा महिन्यांनी पुन्हा कागद बघेन. बघायचा आकडा एकच, सुताची विक्रीतली टक्केवारी 59.7 वरून खाली आली का?

तोपर्यंत तीन कागद मागवा: बँकेला दिलेलं मार्चचं स्टॉक स्टेटमेंट, एकाच व्हरायटीची दोन वर्षांची बिलं, आणि गाळ्याचं खरेदीखत. गाळ्याचे 10 लाख हा नुसता नफा आहे, हातात आलेली रक्कम त्याहून मोठी असणार. ती कर्जात गेलेली दिसत नाही, व्याज तर वाढलंय. ती सुताच्या वाढलेल्या साठ्यात गेली असेल तर 50 लाखांचा आकडा खरा असण्याची शक्यता वाढते. आणखी कुठे गेली असेल तर भावाला माझ्या नावाने नको, तुमच्या नावाने विचारा. थोरल्या बहिणीला तो सरळ उत्तर देईल.